पाणपोईच्या दगडावरची ओळ

पूर्णेच्या गुरुद्वारात दर रविवारी मी गुरुमुखी शिकवतो. माझी लायकी एवढीच की रेल्वेतल्या नोकरीत चार वर्षं पंजाबात काढली आणि तिथल्या लोकांनी माझ्या चुका हसत हसत सुधारल्या. आमची शीख घरं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. घरात मराठी, बाजारात दखनी. गुरुमुखी फक्त पोथीतली, तीही वाचण्यापुरती.

त्यामुळे चुकाही आमच्याच. मराठीत अनुस्वाराला एक टिंब दिलं की भागतं. गुरुमुखीत दोन खुणा. अक्षराला मात्रा नसेल, किंवा ऱ्हस्व इकार, उकार, ऊकार असेल, तर साधारणपणे टिप्पी, म्हणजे पालथी वाटी. काना, दीर्घ ईकार आणि वरच्या मात्रा असतील तर बिंदी, म्हणजे टिंब. ‘सिंघ’वर टिप्पी, ‘मां’वर बिंदी. माझ्या वर्गातली मुलं सगळीकडे टिंबं पेरतात. आणखी एक खूण अद्दक, म्हणजे उताणी वाटी. पुढचं अक्षर दुप्पट म्हणायचं, हे ती आधीच्या अक्षराच्या डोक्यावर बसून सांगते. आम्हाला जोडाक्षरांची सवय, म्हणून ती हमखास एक घर पुढे पडते. आणि ‘पता’वर तर सगळेच अद्दक देतात, कारण मराठीत पत्ता लिहायची सवय. पंजाबीत मग त्याचं झाडाचं पान होतं. मी स्वतः एका दोस्ताला ‘तुझं पान पाठव’ असं लिहिलेलं आहे. त्यानं पिंपळाचं पाठवलं.

गेल्या वर्षी वर्गात जवळच्या चुडावा गावच्या वहिनी येऊ लागल्या. त्यांच्या मालकांना जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. ते गुरुद्वाराच्या दारातली पाणपोई सांभाळायचे. वर्षश्राद्धाच्या दिवशी तिथं संगमरवराचा दगड बसवायचा, आणि त्यावरची अक्षरं वहिनींच्या हातची, असं ठरलं होतं. वर मालक रोज पाणी भरताना म्हणायचे ती गुरुबाणीची ओळ, खाली पंजाबीत त्यांचं नाव आणि दोन वाक्यं.

वहिनींनी कागद आणला. खालच्या मजकुरात अद्दक एकही नव्हती, नावावर टिंब होतं.

“वहिनी, अद्दक खाऊन टाकल्या का सगळ्या?”

“पोथीत न्हाईत त्या,” त्या म्हणाल्या. “मी तिथूनच शिकले.”

मी खडू घेतला. जिथं जिथं अक्षर दुप्पट, तिथं वाटी ठेवायला लावली. ‘कंम’, म्हणजे काम, लिहिताना म दुप्पट म्हणून त्यांनी अद्दक दिली. म आणि न यांना तिथं टिप्पीच लागते, हेही मी मोठ्या ऐटीत सांगितलं. मग त्यांनी वरच्या ओळीकडं बोट केलं.

“ह्या ‘सच’वर बी द्यायची?”

“द्या की. बोलताना जोर येतोच.”

त्यांनी दिली. कागदाचा फोटो मीच नांदेडच्या कारागिराला पाठवला.

चार दिवसांनी गुरुद्वारात पोथीचा पाठ करणाऱ्या ज्ञानीजींनी माझ्या मोबाईलवर तो फोटो पाहिला. मग पोथी उघडून ती ओळ दाखवली. ‘सच’च्या डोक्यावर काही नव्हतं.

“आपल्या लिहिण्याला आपले नियम,” ते म्हणाले. “बाणी जशी आहे तशीच उतरवायची. तिच्यात कानामात्रा आपण घालायची नसते.”

हे मला माहीत होतं. शिकवण्याच्या भरात मी बाणीलाच वर्गात बसवलं होतं.

कारागिराला फोन लावला तर वरची ओळ कोरून झालेली. वर्षश्राद्धाच्या आत दुसरा दगड मिळणार नाही, म्हणाला. हाच पाण्यानं घासून देतो, पण मग वेळ एवढाच की वरची ओळ तरी कोरीन, नाहीतर खालचा मजकूर तरी. एकदा बसवला की मागाहून कोरत नाही, तडकतो. ज्ञानीजी म्हणाले, घासलेलं पाणी नदीत सोडा, त्यात बाणी आहे, पायाखाली जाऊ देऊ नका.

मी चुडाव्याला गेलो. सगळं सांगितलं. वहिनी शेळ्यांना पाला टाकत होत्या. हात थांबले नाहीत.

“नाव न्हाई, तर दगड त्यांचा कसा कळंल?” मी म्हणालो. “खालचं कोरून घ्या. चूक माझी हाय.”

“तुमची हाय म्हणून मी त्यांचं रोजचं म्हणणं काढू का, मास्तर?” उरलेला पाला टाकत म्हणाल्या, “ते नाव सांगत पाणी पाजत नव्हते. वरची कोरा. पोथीत हाय तशी.”

दगड वर्षश्राद्धाला बसला. नाव नाही, तारीख नाही. वाटसरू पाणी पितात, वर बघतात, पुढं जातात.

पुढच्या रविवारी वहिनी वर्गात आल्या. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी पाटी घेतली, मालकांचं पूर्ण नाव लिहिलं आणि माझ्यासमोर धरली. ‘सिंघ’च्या डोक्यावर पालथी वाटी जागच्या जागी होती.

मी मान डोलावली. त्यांनी पाटी पुसली नाही. तास संपेपर्यंत मांडीवर ठेवून बसल्या.