चाळीसचे बेचाळीस

मी मुळातच संशयी माणूस. रिक्षावाला लांबच्या रस्त्याने नेतोय असं मला बसायच्या आधीच वाटतं. त्यात नोकरी फिजिक्सच्या प्रयोगशाळेत शिकवण्याची, म्हणजे संशयाला बारमाही खुराक. मुलं न मोजता आकडे लिहितात, आम्ही न बघता सह्या करतो, आणि परीक्षा सुखरूप पार पडते.

आमच्या कॉलेजात स्प्रिंगचा एक प्रयोग आहे. अॅल्युमिनियमच्या गुळगुळीत पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक स्प्रिंग. डावी स्प्रिंग लोखंडी ठोकळ्याने चाळीस मिलिमीटर दाबायची आणि सोडायची. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा ठोकळ्याला मिळते, तो सुटतो, पट्टीवरून घसरत जाऊन उजव्या स्प्रिंगवर आदळतो. तिला दाबत दाबत क्षणभर थांबतो आणि मागे फेकला जातो. उजव्या स्प्रिंगच्या तोंडाशी, मोजपट्टीवर सरकणारी पुठ्ठ्याची एक चिमटी असते. ती ढकलली जाते आणि जिथवर स्प्रिंग दबली तिथेच राहते. तो आकडा वाचायचा. वाटेत घर्षण थोडी ऊर्जा खातं, म्हणून तो चाळीसपेक्षा कमी यायला हवा. साऱ्या वर्गाचा सदतीसच्या आसपास आला होता.

एका मुलीने बेचाळीस लिहिलं.

ही नरखेडकडच्या खेड्यातली, इथे शहरात हुडकेश्वरला खोली करून राहणारी. विभागप्रमुखांनी तिचं पान माझ्यासमोर धरलं. "सर, ही पोरगी घरी बसून आकडे लिहून राहिली. सही करू नका." सही नाही म्हणजे प्रॅक्टिकलची परीक्षा नाही, आणि वर्ष गेलं की घरचे तिला गावाकडे परत नेणार, हे तिनेच एकदा सांगितलं होतं.

मी तिला बोलावलं. "काय वं, चाळीस भरले आणि बेचाळीस निघाले? मग विजेचं बिल भरायचं बंद करू का आपण?"

ती हसली नाही. "सर, मी मोजलं तेवढंच लिहिलं. काहून आलं ते मले नाही माहीत. मैत्रिणी म्हणून राहिल्या होत्या, सदतीस लिहून टाक."

"मग लिहिलं का नाहीस?"

"आलं नाही ना सर."

हे मला जास्तच संशयास्पद वाटलं. इतकं सरळ उत्तर पाठ करून आल्याशिवाय कोण देतं? म्हटलं, चल, माझ्यासमोर कर. चिमटी मी स्वतः शून्यावर आणली. पट्टी पातळीत आहे का, तेही बघितलं. तिने चाळीस दाबले, सोडले. ठोकळा खटकन गेला, आदळला, परतला. चिमटी बेचाळीसवर. पुन्हा केलं. पुन्हा बेचाळीस. मी स्वतः केलं, तेव्हाही.

तेव्हा माझा संशय तिच्यावरून उठून उजव्या स्प्रिंगवर बसला. दोन्ही स्प्रिंगा काढून उभ्या केल्या आणि एकच वजन आळीपाळीने दोन्हींवर ठेवलं. डावी दहा मिलिमीटर दबली, उजवी तेरा. नीट पाहिल्यावर उजवीची तार जराशी बारीक दिसली. मागच्या वर्षीची तुटली होती, सुट्टीत तिच्या जागी दुसरी आली होती, दिसायला अगदी तशीच. नरम स्प्रिंग कमी ऊर्जेतही जास्त दबते. घर्षणाने आपला वाटा खाल्लाच होता, वरची ऊर्जा कुठूनही आली नव्हती. बेचाळीस अगदी बरोबर होतं.

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच बाकीच्या वर्गाची पानं आठवली. बेचाळीस बरोबर, तर सदतीस कुठून आलं?

सदतीस मागच्या वर्षीचं होतं. दोन्ही स्प्रिंगा सारख्या होत्या तेव्हाचं. सीनियर मुलांच्या वह्यांतून उतरवलेलं. अंदाजात बसणारं, म्हणून कुणालाच खटकलं नाही, माझ्यासारख्या जन्मजात संशयी माणसालाही नाही. त्या सगळ्या सदतिसांखाली माझी सही होती.

मी तिच्या पानावर सही केली. तिने पान घेतलं, पण दारापाशी थांबली.

"सर, एक विचारू? मले एकटीलेच काहून बोलावलं?"

"तुझं उत्तर सगळ्यांपेक्षा वेगळं होतं म्हणून."

"वेगळं होतं, का चूक होतं?"

मला लाज वाटली, खरंच वाटली. ती गेल्यावर मी उजवी स्प्रिंग परत जागेवर बसवली, बदलली नाही. फळ्यावर लिहिलं, उद्या पूर्ण वर्गाने हा प्रयोग पुन्हा करायचा आहे, माझ्यासमोर. मग विभागप्रमुखांकडे जाऊन सांगितलं की मुलीची सही झाली आहे, आता बाकीच्यांच्या सह्या खोडायच्या आहेत.