मादामचा शेवटचा ईमेल

फोन आला की त्या उभं राहून बोलायच्या. फ्रेंच बोलताना चष्मा काढायच्या, मराठी बोलताना पुन्हा लावायच्या. कुणाचा चहा निवला की न विचारता गरम करून आणायच्या. ईमेल पाठवण्याआधी तो नुसत्या ओठांनी वाचायच्या. पाठवला की दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या.

ऑफिसात सगळे त्यांना ‘मादाम’ म्हणायचे. आधी चिडवायला, मग सवयीने. फ्रेंच ग्राहकांशी होणारा सगळा पत्रव्यवहार त्या सांभाळायच्या. त्यांच्या शेजारच्या टेबलावर धाकटी बसायची. ऑफिसात वयाने सगळ्यांत लहान, साहित्य शिकून आलेली, वेबसाइटवरच्या सूचनांचा मजकूर लिहिणारी. धाकटीची नोकरी एका प्रकल्पापुरतीच होती. शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका फ्रेंच कंपनीची ती वेबसाइट वर्षभर वापरून, सुधारून आता पूर्ण झाली होती. पुढचं काम मिळालं तर धाकटी राहणार होती, नाहीतर महिनाअखेरीला घरी.

राहिला होता फक्त समारोपाचा ईमेल.

साहेबांना तो दणदणीत हवा होता. चुकीच्या ऑर्डरी कमी झाल्याचा सगळ्यात चांगल्या महिन्याचा आकडा वर टाका, फोटोवरून भाग शोधायची सोय जुन्या यंत्रांना नीट चालत नाही ते गाळा आणि खाली पुढच्या कामाचं दरपत्रक जोडा, असं त्यांनी सांगितलं. मागच्या एका ग्राहकाला त्यांनी स्वतःच असा ईमेल पाठवला होता. त्या ग्राहकाने आजतागायत हू की चू केलं नव्हतं. पण ते बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती.

मादामनी चष्मा वर सरकवला.

“साहेब, ते आकडे त्यांच्याकडूनच आलेत. त्यांचंच दही त्यांनाच काय विकायचं?”

“आणि दरपत्रक?”

“पाहुणा चप्पल घालतोय तेवढ्यात पुढच्या जेवणाचं बिल हातात द्यायचं का?”

साहेब हसले, पण मान डोलावली नाही. काम गेलं तर जबाबदारी तुमची, एवढं बोलून केबिनमध्ये गेले. जबाबदारी मादामची, पण नोकरी तर धाकटीची जाणार होती.

घाईही होती. तिकडे उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागणार होत्या. त्याआधी ईमेल गेला नाही, तर सुट्टीवरून परतल्यावर तो ढिगाखालीच सापडला असता. मादामनी तिकडची सकाळ धरली. जेवणाआधी माणूस नीट वाचतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

ईमेल छोटा होता. त्यांनी तो धाकटीला मराठीत सांगितला. आधी तिकडच्या खरेदी विभागाच्या बाईंचे आभार, मग त्यांच्या दुकानातल्या काउंटरवरच्या म्हाताऱ्याचे. गंजलेल्या भागांचे फोटो काढून त्यानेच पाठवले होते. त्यानंतर निकाल: वर्षभराची सरासरी धरून चुकीच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या, मदतीसाठी येणारे फोन कमी झाले. सूचनांचा मजकूर आमच्या तरुण सहकारी मुलीने लिहिला, हेही. मग सरळ कबुली: जुन्या यंत्रांचे भाग फोटोवरून अजून नीट सापडत नाहीत. आणि शेवटी एकच वाक्य: सुट्टीनंतर तुम्हाला योग्य वाटलं, तर याबद्दल बोलायला आम्हाला आनंद होईल.

“काम मागितलंच नाही तुम्ही,” धाकटी म्हणाली.

“मागितलं की. दार उघडं ठेवलं, ओढलं नाही.”

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. मादामनी सगळ्यांना बोलावलं आणि वाचता वाचता मराठी करून सांगितलं. बाईंनी लिहिलं होतं की ईमेल त्यांनी छापून दुकानात लावला आणि काउंटरवरचा म्हातारा दिवसभर तो गिऱ्हाइकांना दाखवत होता. जुन्या यंत्रांची अडचण त्यांनाही ठाऊक होती. ती न लपवल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते. ती अडचण सोडवायचं काम तुम्हालाच द्यायचं आहे, सप्टेंबरात सुरू करू या, आणि मजकूर त्याच मुलीने लिहावा, असंही होतं.

साहेबांनी कुणालाही न सांगता पेढे मागवले. मादामकडे बघून नुसती मान झुकवली. धाकटीने मादामचा हात धरला.

“अगं, लिहिलंस तू. मी फक्त तसं कळवलं.”

उत्तर लगेच पाठवा, असं साहेब म्हणत होते. मादामनी लिहायला घेतलं आणि मध्येच थांबवलं. आभाराचं उत्तर घाईत देऊ नये, सोमवारी शांतपणे लिहू, म्हणाल्या.

सोमवारी त्यांच्या भावाचा फोन आला. रविवारी दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत.

धाकटीला रडू आलं नाही. तिची नोकरी होती, टेबल होतं, सप्टेंबरचं काम होतं. हे सगळं ज्यांच्यामुळे होतं, त्यांचे आभार मानायचे राहिले होते.

साहेबांनी तिकडच्या बाईंना मादाम गेल्याचं कळवलं, वेगळ्या ईमेलने. मादामचं अर्धवट उत्तर त्यांच्या संगणकावर तसंच आहे. धाकटीने ते शब्दकोश घेऊन लावून पाहिलं. वर अभिवादन आहे, खाली एकच ओळ: “तुमचं पत्र मी इथे सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि आमची ही मुलगी”