खिडकीतली आई

आमच्या न्हाणीघरातलं काळं मी आधी रोज पाहायची आणि रोज विसरायची. वॉशबेसिनच्या कडेला, कमोडच्या बुडाशी आणि काचेच्या आडोशाला जिथं सिलिकॉन भरलं होतं, तिथं बुरशीचे काळे ठिपके आले होते. टाइल्सच्या सांध्यांतून त्याच रंगाच्या रेघा वर चढत होत्या. नळ आठवड्यातून एकदा येतो, म्हणून पाण्याचा बॅरल न्हाणीतच असतो आणि फरशी कधी वाळत नाही. डास येतात म्हणून खिडकीला प्लास्टिक ठोकलेलं. बुरशीला आणखी काय लागतं?

माझ्या नवऱ्याला किडनी बसवली, ती त्याच्या आईची. शस्त्रक्रिया सोलापूरला झाली. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, बऱ्या होऊन आधी धाराशिवला घरी आल्या. तो मात्र दवाखान्याजवळच्या भाड्याच्या खोलीत नणंदेबरोबर होता. नवी किडनी शरीरानं परत लोटू नये म्हणून त्याला गोळ्या असतात आणि त्या गोळ्या अंगातली राखणच झोपवून ठेवतात. घरी सोडायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी घराचे फोटो मागवले. न्हाणीचा फोटो पाहून त्यांनी मला फोन केला. म्हणाले, "ही बुरशी असताना पेशंटला या घरात आणू नका. त्याच्या फुफ्फुसात शिरली तर मला काही करता येणार नाही."

मला रडू आलं नाही, संताप आला. एवढं सगळं सोसून आणलेलं माणूस न्हाणीच्या कोपऱ्यातल्या काळ्या डागांनी दाराबाहेर थांबवावं! मी ओढणी कमरेला खोचली.

करायचं कसं ते डॉक्टरांच्या नर्सनं नीट सांगितलं होतं. कोरडं खरवडायचं नाही, कण हवेत उडतात. हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा, खिडकी-दार सताड उघडं. ब्लीचमध्ये नुसतं पाणी मिसळायचं, दुसरं काही म्हणजे काही नाही. सिलिकॉनवर ते टिकत नाही, ओघळून जातं, म्हणून कागदी रुमालाच्या पट्ट्या त्यात भिजवून काळ्यावर चिकटवायच्या, थोडा वेळ ठेवायच्या आणि मग भरपूर पाण्यानं धुवायचं. मी खिडकीचं प्लास्टिक फाडलं, स्कूटरवरचा चष्मा लावला आणि पट्ट्या चिकटवल्या. सांध्यांना दात घासायच्या जुन्या ब्रशनं तेच लावलं. तिथं हात फिरवला की खरबरीत लागायचं. वर्षानुवर्षं बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार काढायला आत्या तिथं ॲसिड ओतत आल्या होत्या. त्यानं क्षार जातात, पण सांध्यातलं सिमेंटही खाल्लं जातं आणि त्या खळग्यांत ओल धरून राहते.

धुवायला पाणी कुठून आणायचं? बॅरल तळाला गेलेला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, नळ त्या आठवड्यात यायचाच राहिला. मी घागर उचलली आणि आत्यांना सांगितलं, "मी शेजारच्या बोअरवरून पाणी आणते. तोवर आत जाऊ नका. टाक्यांची जागा अजून दुखतीय तुमची."

"न्हाय जात बाई," त्या म्हणाल्या. "कशाला जाईन?"

परत आले तर न्हाणीचं दार लोटलेलं आणि आतून खोकला. तसला खोकला मी कधी ऐकला नव्हता. दार ढकललं तर डोळ्यांत आणि घशात आग शिरली. आत्या बेसिनला धरून वाकल्या होत्या. पायाशी ॲसिडची बाटली आडवी पडलेली. आणि खिडकी बंद! बाई न्हाणीत शिरली की आधी खिडकी लावायची, ही त्यांची जन्माची सवय. बाहेर गल्ली आहे ना. काम न्हाणी धुण्याचं का असेना, हात आधी कडीकडे गेला असणार.

मी श्वास कोंडून त्यांना काखेतून उचललं आणि ओढत अंगणात आणलं. घागरीतलं पाणी त्यांच्या डोळ्यांवर, तोंडावर, हातांवर ओतलं. लुगड्यावर ॲसिड उडालेलं होतं, ते सोडून माझी ओढणी गुंडाळली. परत आत गेले नाही. घराची दारं सताड उघडी टाकून शेजारच्यांच्या गाडीत त्यांना घातलं.

"काळं जाईना गं," त्या खोकत सांगत होत्या. "पट्टी उचलून बघितली, तर तसंच. म्या म्हणलं, ॲसिडानं लोखंडाचा गंज निघतोय, हे का निघंना? तुझं पाणीबी वाचंल."

"आत्या, बोलू नका हो!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले आणि लगेच त्यांचा हात घट्ट धरला. एकच किडनी राहिलेली ती बाई माझ्या मांडीवर धापा टाकत होती. ब्लीचवर ॲसिड पडलं की विषारी वायू सुटतो, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? मीही आत जाऊ नका म्हणाले, ते टाक्यांसाठी.

सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाफ दिली. डॉक्टर म्हणाले, असा त्रास काही तासांनी वाढू शकतो, ठेवून घ्यावं लागेल. किडनीचं ऐकल्यावर त्यांनी रक्तही तपासायला पाठवलं. मी देवीला काही कबूल केलं नाही. मागून मागून तोंड दुखलं होतं.

दुसऱ्या दिवशी नणंद आत्यांजवळ बसायला आली आणि मी घरी गेले. वास पार गेल्याची खात्री करून पाण्यावर पाणी ओतलं. सांध्यांतलं काळं बरंच गेलं होतं. सिलिकॉनमधलं नाही. मग मास्क लावून ब्लेडनं ते कडेनं कापलं आणि ओढलं. सगळी पट्टी हातात आली. उलटी करून बघितली तर मागची बाजू पुढच्यापेक्षा काळी होती. काळं आतच मुरलं होतं, वरून काहीही लावून निघालं नसतं. सगळं काढलं, जागा पुसली आणि वाळायला टाकली. ओल्यावर नवं सिलिकॉन धरत नाही. भरल्यावरही दिवसभर पाणी लावायचं नाही. म्हणजे घर अजून त्याच्यासाठी नव्हतंच.

त्याला कळायचं ते कळलंच. संध्याकाळी मी दवाखान्यात परतले, तेव्हा तो सोलापूरहून गाडी करून आला. वॉर्डात त्याला पाऊल टाकायची मनाई, तिथं दहा रोगांचे पेशंट. गाडी दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभी राहिली. तोंडावर मास्क, काच वर. मी आत्यांना धरून पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी आणलं. मधे रस्ता आणि पार्किंग. मी फोन लावून त्यांच्या कानाला धरला.

"आई, कसं वाटतंय?"

"मला काय धाड भरलीय? तू घरी जा. न्हाणी चकाचक केलीया हिनं."

"घर अजून वाळायचंय म्हणली ती. आणि तू आल्याबिगर मी जात न्हाय घरी."

"येड्यावानी करू नको. किडनी घरी न्यायला दिलीया तुला, रस्त्यात बसायला न्हाय."

गाडीच्या काचेमागं त्यानं मास्कवरून डोळे पुसले, ते मला वरून दिसलं. आत्यांनी विचारलं, "बोलंना का गं त्यो?" मी म्हणाले, रडतोय. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला, खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि जा, जा, अशी खूण केली. गाडी वळून सोलापूरच्या रस्त्याला लागली, दिसेनाशी झाली, तरी हात बाहेरच होता. मी तो आत ओढायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे की गं. त्यो वळून बघंल."