आवरलेल्या ओट्याखालची नळी

माझी वहिनी माणूस म्हणून सोनं आहे, पण पत्र लिहायला बसली की तिच्यासारखं कुचकामी माणूस शोधून सापडायचं नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय, त्यामुळे इथं सांगायला मला कसली भीती नाही.

मी बस डेपोत तिकीट खिडकीवर बसते. दिवसभर समोर येणाऱ्याला मी एकच विचारते, कुठं जायचंय? जो माणूस आधी हवापाणी, मग पोराच्या नोकरीची कथा आणि सगळ्यात शेवटी गावाचं नाव सांगतो, त्याच्या नावानं मागची रांग बोटं मोडते. वहिनी त्या माणसाची सख्खी बहीण शोभेल. तिला नुसतं मीठ मागायचं असलं तरी शेजारणीच्या गुडघ्यांपासून सुरुवात करते.

भाऊ गेल्यावर आम्ही दोघी नणंद-भावजय ह्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो. लोकांना वाटलं होतं की महिनाभरात एकमेकींच्या झिंज्या उपटतील. तसं काही झालं नाही. मी डेपोत गेले आणि वहिनीनं डबे सुरू केले. आसपासच्या कारखान्यातली, दवाखान्यातली एकटी राहणारी माणसं तिच्या हातचं जेवतात. आयुष्यात पहिल्यांदा तिची स्वतःची कमाई सुरू झाली, आणि तिची मान जरा वर झाली. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून पुढं जे झालं त्यानं माझं डोकं एवढं फिरलं.

एके दिवशी भाजी फोडणीला टाकताना तिला गॅसचा वास आला. वहिनी पत्रात कितीही वेंधळी असली तरी स्वयंपाकघरात तिला अक्कल शिकवायची कोणाची टाप नाही. तिनं शेगडी बंद केली, गॅलरीत जाऊन सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, दिव्याच्या बटणाला हात लावला नाही आणि बाहेर येऊन गॅसच्या मेकॅनिकला फोन केला. त्यानं येऊन शेगडीजवळच्या नळीला साबणाचं पाणी लावलं आणि क्षणभर गॅस सोडून बघितला. नळी वाकते तिथं बुडबुडे आले. रबराला चिरा पडल्या होत्या.

मी म्हटलं, मग नवी लाव की बाबा, त्यात काय मोठंसं. तर तो मान हलवायला लागला. आमच्याकडे शेगडी, नळी सगळं घराबरोबरच मिळालेलं. सिलिंडर गॅलरीत, आणि नळी भिंतीतल्या भोकातून आत येऊन ओट्याखालच्या एका बंद लाकडी खोक्यातून शेगडीपर्यंत आलेली. तो म्हणाला, जी नळी डोळ्यांना दिसत नाही ती तपासता येत नाही, त्यामुळे मी ह्या खोक्यातून नवी घालणार नाही. खोका काढा, भिंतीवरून उघडी धातूची पाइप घ्या, आणि शेवटी शेगडीपाशी तेवढी आखूड नळी. तसं त्यानं कागदावर लिहून दिलं, गॅस बंद केला आणि गेला. आता भिंत घरमालकाची, खोका घरमालकाचा. त्याच्या परवानगीशिवाय आम्ही खिळा ठोकायचा नाही, असं करारात लिहिलेलं.

त्याच खोक्यात झुरळांनी संसार थाटला होता. आत ऊब, अंधार आणि सिंकच्या नळाची ओल, आणखी काय पाहिजे त्यांना. खोक्याच्या फटीतून ती डब्यांच्या मांडणीपर्यंत यायची. वहिनी रोज फवारायची, ती दोन दिवस दडी मारायची आणि पुन्हा हजर. डब्यात एखादं झुरळ गेलं तर उद्यापासून कोणी जेवायला मागणार नाही, ह्या धास्तीनं ती एकेक डबा तीनतीनदा पुसायची.

गॅस बंद झाल्यावर ती विजेच्या शेगडीवर रांधायला लागली. त्यावर निम्म्याच लोकांचं व्हायचं. बाकीच्यांना तिनं हात जोडून थोडे दिवस थांबा म्हणून सांगितलं. थोडे दिवस कोण थांबतो? पोट थांबत नाही. एकेक जण दुसरीकडे जेवायला लागला. वहिनी नुसती रिकाम्या डब्यांकडे बघायची. मला तिची दया यायची आणि दया आली की मला राग येतो.

आमचा घरमालक म्हातारा सुतार. काही सांगितलं की "बघू" म्हणायचा, म्हणून आम्ही त्याचं नावच 'बघू' ठेवलं होतं. तो राहायचा लांब, आणि फोनवर त्याला नीट ऐकू यायचं नाही. म्हणून वहिनी पत्र लिहायला बसली.

ते पत्र मी वाचलं आणि कपाळावर हात मारला. आपली प्रकृती उत्तम असेल. गुडघ्यांना तेल लावत असाल. आपल्या छत्राखाली आम्ही अगदी सुखात आहोत. असं पानभर झाल्यावर, अगदी तळाशी, थोडी झुरळं झाली आहेत आणि गॅसच्या नळीला किंचित चीर आहे, सवड मिळेल तेव्हा बघावं. मी म्हटलं, हे पत्र आहे की आहेराचं पाकीट? ती म्हणाली, पुढच्या महिन्यात करार संपतोय, म्हाताऱ्याला राग आला आणि त्यानं घर सोडा म्हटलं तर माझं स्वयंपाकघरच गेलं. तिचंही खोटं नव्हतं. पत्र तसंच गेलं.

आठवड्यानं बघूचा फोन आला. तुम्ही सुखात आहात हे वाचून बरं वाटलं, म्हणाला. बाकीचं बघू.

मग मात्र मी वहिनीला पुढ्यात बसवलं. मी सांगायचं आणि तिनं लिहायचं, कारण तिचं अक्षर चांगलं आणि माझं डोकं. पहिल्या ओळीत: गॅसची नळी चिरली आहे, गॅस गळतो, मेकॅनिकनं तो बंद केलाय. दुसऱ्या ओळीत: खोक्यात झुरळं आहेत. मग मेकॅनिकनं काय करायला सांगितलं ते, त्याच्या कागदाची प्रत जोडून, आणि ह्या आठवड्यात येऊन बघा. खाली तारीख. पोस्टातून परत येताना ती म्हणाली, "आता घर सोडायला लावलं तर तू बघ."

बघूनं रविवारी येतो म्हणून कळवलं.

रविवारी माझी सकाळची ड्युटी होती. परत येते तो बघू जिन्यातच भेटला, हातात त्याची जुनी हत्यारांची पिशवी. आम्ही बरोबरच दार उघडलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

स्वयंपाकघर लख्ख होतं. ओटा घासून पांढरा केलेला. डबे चकचकीत, उतरंडीनं लावलेले. फवाऱ्याचा वास जाऊन उदबत्तीचा वास पसरलेला. एक झुरळ दिसेल तर शपथ. वर कहर म्हणजे चिरलेल्या नळीवर वहिनीनं फुलाफुलांच्या कापडाची गवसणी शिवून चढवलेली. माणूस घरी येणार म्हटल्यावर घर आवरायचं असतं, एवढंच तिला कळत होतं. हा माणूस घाण बघायलाच येतोय, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

बघूनं चष्मा पुसला, इकडेतिकडे बघितलं आणि खूश झाला. "इथं तर काहीच नाही. उगाच घाबरता तुम्ही. छान ठेवलंय घर." खोक्यावरून त्यानं हात फिरवला. "माझ्या हातचं काम आहे हे. नळी उघडी लोंबकळत होती आधी, किती वाईट दिसायचं." आणि पिशवी उचलून तो निघाला.

मी तोंड उघडणार होते. माझ्या तोंडून जे निघालं असतं त्यानं करार तिथल्या तिथं संपला असता. पण त्याआधी वहिनी दाराशी गेली. तिनं म्हाताऱ्याची वाट अडवली. मी तिला कधी कोणाची वाट अडवताना पाहिलं नव्हतं.

"बसा काका," ती म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून मी आवरलं. चूक झाली माझी. रोज असं नसतं."

तिनं नळीवरचं कापड ओढून काढलं, नळी त्याच्या नाकासमोर धरून वाकवली. चिरा तोंड उघडून उभ्या राहिल्या. मग तिनं सुरी घेतली आणि खोक्याची कडेची फळी जराशी उचकटली. आतून झुरळांची वरात बाहेर पडली, लहान, मोठी, पिल्लावळीसकट. एक बघूच्या पायजम्यात शिरलं आणि सत्तरीचा माणूस स्टुलावर चढला. मला हसू आवरेना. वहिनी मात्र रडत होती. ती म्हणाली, "माझी निम्मी माणसं जेवायची थांबली काका. हे स्वयंपाकघर गेलं तर माझ्याजवळ काही नाही. तुम्हाला घर खाली करून घ्यायचं असेल तर तसं सांगा, पण बघू म्हणू नका."

बघू स्टुलावरून खाली उतरला. मग पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि ओट्यासमोर मांडी घालून बसला. एकेक स्क्रू काढून त्यानं स्वतःचाच खोका उघडला. आत नळी एका फरशीच्या धारेवर घासून घासून पातळ झाली होती, आणि तिच्यावर छापलेली मुदत कधीच उलटून गेली होती. त्यानं ती बोटांनी चाचपली. "दिसायला चांगलं व्हावं म्हणून झाकलं मी," तो म्हणाला. "आणि आतलं काही दिसेनासं झालं." मग तो वहिनीकडे वळला. "घर कोण सोडायला सांगतंय पोरी तुला? माझ्या गुडघ्यांची चौकशी करणारं तू सोडून आहे कोण?"

म्हणजे म्हाताऱ्यानं ते पानभर वाचलं होतं.

पुढचं भराभर झालं. भिंतीवरून धातूची पाइप आली, शेवटी आखूड नवी नळी, मेकॅनिकनं प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बघितलं आणि मगच गॅस सुरू केला. भिंतीतलं भोक आणि सिंकमागची फट बघूनं स्वतः बुजवली. झुरळांचं औषध लावणाऱ्यानं सांगितलं की सांडपाण्याची पाइप सगळ्यांची एकच आहे, त्यामुळे वरच्या-खालच्या घरांतही लावायला हवं. बघू दारोदार फिरून सगळ्यांना सांगून आला. औषधाचे ठिपके पुसायचे नाहीत आणि वरून फवारायचं नाही, ही ताकीद मिळाल्यावर वहिनीचे हाल झाले. फडकं हातात घेऊन ती कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत यायची. पण झुरळं हळूहळू कमी झाली, आणि डब्याची माणसंही एकेक करून परतली. सगळी नाही. पण दोन नवीन आली. करारही पुन्हा झाला.

परवा मोरीतला नळ गळायला लागला. मी म्हटलं, लिही म्हाताऱ्याला. वहिनीनं पत्र लिहून माझ्यासमोर ठेवलं. मी चष्मा लावून सज्ज झाले, गुडघे कुठं येतात ते बघायला. पत्रात एवढंच होतं:

"काका, मोरीतला नळ गळतो. रविवारी जेवायलाच या. मी काही आवरणार नाही."