थोरलीच्या डायरीतला सोमवार

थोरली दवाखान्याच्या धुलाईखान्यात अठरा वर्षं होती. म्हणजे पेशंटच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे झगे, सगळं तिच्या हातून जायचं. धाकटी बहीण तिला चिडवायची, "सगळ्या गावाचं अंथरूण तुला ठाऊक." त्यावर थोरली म्हणायची, "अंथरूण ठाऊक आहे म्हणून तर गप्प बसते." असं बोलायची. हसवायची आणि स्वतः मात्र हसायची नाही.

एप्रिल संपता संपता ती गेली. सकाळी नळाखाली बादली लावली आणि तिथंच खाली बसली. डोक्यातली नस फुटली म्हणाले. बादली भरून वाहत होती तेव्हा दाजींना कळलं.

पंधरा दिवसांनी धाकटी तिचं कपाट आवरायला गेली तर साड्यांच्या खाली डायरी सापडली. कुठल्या तरी औषधाच्या कंपनीची, फुकट वाटतात ना तसली. आत सगळा गोंधळ. गॅस नंबर लावला. इस्त्रीवालीकडून दोन अभ्रे कमी. पाय सुजले. आणि मधेच, त्याच अक्षरात, "आज सुपरवायझर ड्रायरच्या बोळात आडवा उभा राहिला. सरका म्हटलं तर म्हणाला, घासून जा की, मी काय खातो का." खाली पुन्हा, "दूधवाल्याला सांगणे."

धाकटी तिथंच फरशीवर बसली.

अशा चार नोंदी होत्या. शेवटच्या नोंदीखाली लिहिलं होतं, "तक्रार द्यायची. आधी तारखा नीट लावायच्या." ते राहूनच गेलं.

दाजी आधी तयार नव्हते. "गेलेल्या माणसाचं नाव कशाला चव्हाट्यावर आणायचं? झाकली मूठ राहू दे." धाकटी म्हणाली, "दाजी, मूठ तिची आहे आणि तीच उघडायची म्हणत होती. लिहून ठेवलंय." मग धुलाईखान्यातली चष्मेवाली घरी आली. थोरलीच्या शेजारच्या मशीनवर ती दहा वर्षं होती. तिनं सांगितलं की थोरलीच्या जागी नवीन पोरगी लागली आहे आणि आता तो सुपरवायझर तिच्या बोळात उभा राहतो. दाजी म्हणाले, "कुठं सही करायची ते दाखवा."

ती सही लागतेच. बाई हयात नसेल तर तिच्या माणसांपैकी ज्याला माहिती आहे त्याला तक्रार देता येते, पण वारसाची लेखी संमती पाहिजे. हे सगळं युनियनच्या बाईंनी सांगितलं. बाई म्हणजे रिटायर झालेल्या क्लार्क. दवाखान्यासमोर झेरॉक्सच्या दुकानावर युनियनची एक खोली आहे तिथं बसतात. केस पांढरे, बोलणं करवती. धाकटी सातवी शिकलेली. तिनं पहिल्यांदा पाच पानं लिहून नेली होती. बाईंनी ती वाचली, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "छान लिहिलंस. आता हे घरी ठेव. दवाखान्याच्या तक्रार समितीला एक पान द्यायचं."

"एका पानात माझी बहीण कशी मावेल हो?"

"बहीण नाही मावायची. त्यानं काय केलं तेवढं मावतं."

मग त्यांनी पानावर रेघा मारून दिल्या. तारीख आणि वार. वेळ. जागा. काय झालं, आणि तो बोलला असेल तर त्याचेच शब्द, आपले नाहीत. कोण होतं तिथं. पुरावा काय. धाकटीनं लिहिलं होतं, "त्या राक्षसामुळे माझी बहीण मेली." बाईंनी विचारलं, "असं डॉक्टरांनी लिहून दिलंय?"

"नाही."

"मग पानावर नाही. एक वाक्य खोटं पाडता आलं की तो बाकीची चारही पाडतो. आणि राक्षस खोड. सुपरवायझर लिही. राक्षसाला हजेरीचं मस्टर नसतं, सुपरवायझरला असतं."

धाकटीला राग आला, पण खोडलं.

तक्रार द्यायची मुदत तीन महिन्यांची. शेवटच्या प्रकारापासून. डायरीत शेवटची नोंद सोळा मार्चच्या पानावर, म्हणजे सोळा जूनपर्यंत वेळ होता. पंधराला, गुरुवारी सकाळी, शेवटचा हात फिरवायला तिघं खोलीवर जमले. बाई, धाकटी आणि दाजी. दाजी दाराशी स्टुलावर, पिशवी मांडीवर घेऊन. चष्मेवालीनं ड्युटीच्या तक्त्याचे फोटो आणून दिले होते. बाई एकेक ओळ त्याच्याशी ताडून बघायला लागल्या. त्यांची सवयच तशी. बोट ठेवायचं, तोंडानं पुटपुटायचं.

दुसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"एकवीस फेब्रुवारी. तुझी बहीण कामावर नव्हती."

"असं कसं?"

"मंगळवार. तिची सुट्टी मंगळवारची. हे बघ, सु लिहिलंय."

ती ओळ सगळ्यात मोठी होती. त्या दिवशी त्यानं मागून कमरेला हात लावला होता आणि म्हणाला होता, "अजून घट्ट आहेस की." दाजी खाली बघत होते. धाकटी म्हणाली, "माझी बहीण खोटं लिहायची नाही. जिनं अभ्रे कमी आले तेही लिहिलं, ती असलं खोटं लिहील?"

"मी कुठं म्हटलं खोटं? पण समितीपुढं तो पहिलं हेच म्हणेल. बाई घरी होती आणि मी हात कुठून लावला, लांबून? हसतील लोक. आण ती डायरी."

बाईंनी पान उघडलं. वर छापलेलं होतं, सोमवार, एकवीस फेब्रुवारी. मोबाईलवर बघितलं तर एकवीसला मंगळवार. बाईंनी डायरी मिटली, पुठ्ठा बघितला आणि कपाळावर हात मारला.

"अगं, ही गेल्या वर्षीची आहे!"

तेव्हा सगळं उलगडलं. नवीन डायरी साहेब लोकांना मिळते. थोरलीला मिळाली ती उरलेली, जुनी. कोरी पानं वाया कशाला घालवायची म्हणून तिनं तीच वापरली. आणि धुलाईखान्यात तारीख कोण बघतं, तिथं वार चालतो. सोमवारी ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या चादरी, बुधवारी पडदे, शुक्रवारी ब्लँकेटं. तर ती सोमवार छापलेलं पान काढून सोमवारचं लिहायची. वार बरोबर, तारीख एक दिवस पुढची. चारही नोंदींची.

"म्हणजे एकवीस नाही, वीस," धाकटी म्हणाली. "लगेच खोडून वीस करते."

"हात लावशील डायरीला तर बघ!" बाई ओरडल्याच. "तिनं लिहिलं ते तसंच राहणार. टिंबही बदलायचं नाही. पानावर आपण दोन्ही लिहायचं, डायरीत छापलेली तारीख ही, खरी ही, आणि खरी कशावरून काढली ते." मग त्या बोटं मोजायला लागल्या आणि एकदम थांबल्या. "आणि शेवटची सोळा मार्च नाही. पंधरा. मुदत आज संपते."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा. समितीचं ऑफिस पाचला बंद होतं. उद्या दिलं तर उशिराचं कारण लिहून मुदत वाढवून मागता येते, पण द्यायची की नाही ते समितीच्या हातात.

"आता मला एक पक्कं दाखव," बाई म्हणाल्या. "नोंदीत हिरव्या चादरी लिहिल्यात, त्या सोमवारीच असतात. ड्युटीच्या तक्त्यावर वीसला ती हजर आहे, तोही हजर आहे. चांगलं आहे. पण ही आपण जुळवाजुळव केली असं म्हणतील. त्याच दिवसाचं काहीतरी पाहिजे, ज्यावर तारीख आपोआप पडते. चिठ्ठी, फोन, काही?"

धाकटीनं मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला.

होतं. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वीस फेब्रुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. थोरलीचा मेसेज. आणि खाली तिचं स्वतःचं उत्तर. ते उत्तर तिनं दीड महिन्यात शंभर वेळा वाचलं होतं आणि दोनदा पुसायला बोट ठेवलं होतं. बाईंनी "पुरावा काय" विचारलं तेव्हा प्रत्येक वेळी ती म्हणाली होती, डायरीच.

"आहे," ती म्हणाली. "पण नुसता तिचा मेसेज घेतला तर चालेल का? खालचं कापून?"

"कापलेला फोटो कुणी धरत नाही. उरलेल्यात काय होतं म्हणून विचारतील. काय आहे खाली?"

धाकटीनं मोबाईल पुढं केला. बाईंनी चष्मा वर करून वाचलं. वाचून झाल्यावर मोबाईल दाजींकडे दिला. धाकटी घाईनं म्हणाली, "दाजींना नको," पण तोवर त्यांनी घेतला होता.

थोरलीनं लिहिलं होतं, "आज त्यानं कमरेला हात लावला. हिरव्या चादरी काढताना. मला कसंतरी होतंय. काय करू?"

खाली धाकटीचं. "दुर्लक्ष कर ग. नोकरी महत्त्वाची. रात्री बोलू." आणि एक हसरं तोंड.

रात्री ती बोलली नव्हती. घरी पाहुणे होते.

खालच्या दुकानात झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. धाकटी वाट बघत होती की आता दाजी काहीतरी बोलतील. बोलावंच, असं तिला वाटत होतं. शिव्या द्याव्यात. दाजींनी दोन्ही हातांनी मोबाईल धरला होता, जड वस्तू धरतात तसा.

"तुला विचारलं तरी," ते म्हणाले. "मला तर तेवढंही बोलली नाही. मी रोज विचारायचो, चेहरा का उतरलाय. म्हणायची, पाय दुखतात. मी मलम आणून द्यायचो."

मग त्यांनी मोबाईल धाकटीला परत दिला. "लाव हे," म्हणाले. "सगळं लाव. माझंही लाव, मलमाचं."

"मलम नाही लागत," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

धाकटीनं नवीन पान घेतलं. दुसरी ओळ पुन्हा लिहिली. "२० फेब्रुवारी, सोमवार (डायरीत छापील २१). दुपारी साडेतीनच्या सुमारास. चादरी काढायची खोली. सुपरवायझरनं मागून कमरेला हात लावला. म्हणाला, 'अजून घट्ट आहेस की.' पाहणारं कोणी आहे का, माहीत नाही. त्याच दिवशी ४.१० ला तिनं बहिणीला मेसेज केला. बहिणीनं उत्तर दिलं, 'दुर्लक्ष कर.' पुरावा, डायरीचं पान, ड्युटीचा तक्ता, मेसेजचा पूर्ण फोटो."

"हे उत्तर ओळीत लिहायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "फोटो जोडलाय, पुरे."

"लिहू दे. समितीत विचारतील, बाईनं तेव्हाच का नाही सांगितलं. तर सांगितलं होतं. हे उत्तर मिळालं."

बाईंनी थोडा विचार केला आणि मान हलवली. "बरोबर आहे. राहू दे."

तीन मार्चच्या ओळीत चष्मेवालीचं नाव साक्षीदार म्हणून आलं, तिला विचारून. पंधरा मार्चची ओळ लिहिली. तळाला डायरीबद्दल दोन ओळी. दीड वाजता पान झालं, एका बाजूला, मावलं. खालच्या दुकानात समितीसाठी सहा प्रती काढल्या, दाजींची संमती आणि बाकीचे कागद प्रत्येकीला टाचले, आणि सातवी आपल्यासाठी. दाजींनी प्रत्येक प्रत मोजून पिशवीत ठेवली, इस्त्रीचे कपडे ठेवतात तशी, दुमडू न देता.

समितीच्या अध्यक्ष म्हणजे दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर. पावणेतीनला भेटल्या. त्यांनी उभ्यानंच वाचायला सुरुवात केली आणि मग खुर्ची ओढून बसल्या. पान एकच, पण पाच मिनिटं लागली. मग सातव्या प्रतीवर शिक्का मारला, तारीख घातली, वेळ घातली, सही केली.

"ही बहीण कोण?" त्यांनी दुसऱ्या ओळीवर पेन ठेवून विचारलं.

दाजी पुढं सरकले, जणू तेच सांगणार. धाकटीनं त्यांना थांबवलं.

"मी."

"चौकशीत तुम्हाला बोलावतील. हा मेसेज वाचून दाखवावा लागेल. त्याच्यासमोर नाही, पण समितीसमोर. पूर्ण."

"दाखवीन," धाकटी म्हणाली. "माझंही दाखवीन."