ठिणगीला भरपाई नाही

अरबी कागदांचं इंग्रजी करून पोट भरणाऱ्या या बाईला आखातातल्या शहरातली ती मराठी गल्ली पाठीमागे ‘मिरची’ म्हणायची. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

त्या सकाळी लोखंडी दारं-जाळ्या बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याच्या आगीच्या विम्याचे अपवाद, म्हणजे कशाकशाची भरपाई मिळणार नाही ती कलमं, तिच्या टेबलावर होती. त्याला इंग्रजी वाचता यायचं, अरबी नाही. असल्या पॉलिसींचे अपवाद बहुतेक एकाच साच्यातले: युद्ध, भूकंप, मुद्दाम लावलेली आग. तिच्याकडे तयार इंग्रजी मजकूर होता. तिने तो डकवला, शिक्का मारला आणि पाकीट शेजारच्या पोराकरवी धाडून दिलं. मग चहा गोड लागेना. मूळ कागद मोठा दिसत होता, तिचं भाषांतर आखूड.

तिने अरबी मजकूर ओळीवर बोट ठेवून वाचला. साच्यात नसलेलं एक कलम मधेच बसलं होतं: वेल्डिंग, कटिंग किंवा उघड्या ज्वाळेच्या कोणत्याही कामातून लागलेली आग भरपाईत नाही, कंपनीने आधी लेखी परवानगी दिली असेल तरच आहे. शेवटी तळटीप होतीच, वाद झाला तर अरबी मजकूरच ग्राह्य.

ज्याचा धंदाच ठिणग्यांचा, त्याला ठिणगीचीच भरपाई नाही. त्याचा फोन लागेना. स्वतःला शिव्या घालत ती चपला ओढून निघाली.

शेडमध्ये गॅस कटर पेटलेला, पलीकडच्या भिंतीला गाद्यांचं गोदाम खेटलेलं. फॅब्रिकेशनवाला तिच्या पाकिटाचा पंखा करून वारा घेत होता.

“दादा, आधी कटर बंद करायला सांगा. मी दिलेला कागद चुकीचा आहे.”

त्याने कटर बंद करवला, कलम ऐकलं आणि एजंटला फोन लावला. एजंट म्हणाला, तशी अट असते हो, कोण बघतं? मॅडमना सांगा, उगाच घाबरवू नका, जरा मवाळ लिहा.

मिरचीने फोन ओढून घेतला. “मवाळ लिहिलं म्हणून आग मवाळ लागते का? परवानगी कोणाकडून मिळते, तेवढं सांगा.”

मिळत होती. अर्ज कंपनीकडे करायचा. सिलिंडर कुठे, आग विझवायची सोय काय, काम झाल्यावर जागेवर थांबून लक्ष कोण ठेवतं, हे सगळं लिहून द्यायचं. तोवर काम बंद.

“आजचं गिऱ्हाईक गेलं, ताई,” तो म्हणाला. रागाने की कृतज्ञतेने, त्याचं त्यालाच कळत नसावं. “एवढ्या हुशार, तर आधीच का नाही वाचलंत?”

तिने पाकीट त्याच्या हातातून काढून फाडलं, लोखंडी स्टूल ओढलं.

“नवं भाषांतर फुकट. अर्जही मीच अरबीत लिहिते. सांगा, सिलिंडर कुठे ठेवता?”

त्याने गाद्यांच्या भिंतीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सिलिंडर तिथेच टेकून उभे होते. दोघं उठले, आणि आधी ते हलवायला लागले.