करारात नसलेला क्लब

रोह्याच्या फ्लॅटचा शेवटचा हप्ता ताबा घेताना द्यायचा होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुलगा तिथल्या कंपनीत शिफ्टला होता आणि त्याच्या भाड्याच्या खोलीची मुदत संपत आली होती. हे बिल्डरला ठाऊक होतं. म्हणूनच नेमका तेव्हा त्याचा माणूस पेणला माझ्या दुकानात कागद घेऊन आला. क्लबच्या सभासदत्वाचा आकार वेगळा, पार्किंगचा वेगळा. दोन्ही भरल्याशिवाय चावी नाही.

"पोचल्याची सही करा फक्त, शेठ."

मी पेणजवळच्या जोह्याच्या गणपती कारखान्यांना मूर्तीची माती पुरवून वर आलेला माणूस. सहीच्या जागेआधी तिच्या वरचा मजकूर वाचतो. तिथे बारीक अक्षरात होतं, 'वरील आकार मान्य.' मी ते खोडलं, लिहिलं, 'कागद पोचला. मजकूर मान्य नाही,' आणि मग सही केली.

"एवढा संशय?"

"तुमच्याच कागदानं शिकवला."

बायको म्हणाली, "देऊन टाका नि चावी घ्या. पोर कुठं ऱ्हाईल?"

मी तिच्यावर उखडलो आणि रागातच उत्तर लिहायला बसलो. आमच्याकडे गणपती ठरला की त्याच्या पायाशी बसणारा उंदीर त्यातच येतो. उंदराचे वेगळे पैसे कोणी सांगत नाही. तसंच क्लबचं आणि पार्किंगचं, असं झणझणीत लिहून वकिलाकडे नेलं.

वकील हसले. "हा उंदीर तुमच्यावरच उलटेल. क्लब फ्लॅटमध्येच येतो असं तुम्ही म्हणताय. करारात तर क्लबच नाही; मग तो म्हणेल, क्लब घेतलाय हे कबूल, तर पैसेही द्या. आपण एवढंच म्हणायचं: करारात नाही, म्हणून देणं लागत नाही."

उंदीर गेला. राहिलं ते कोरडं उत्तर: नोंदवलेल्या करारात या दोन आकारांचा उल्लेख नाही, ठरलेला हप्ता ताब्याच्या वेळी द्यायला मी तयार आहे, ताबा अडवल्यास दाद मागीन. करारातल्या किमतीच्या पानाची प्रत जोडून ते पोचपावतीच्या रजिस्टर टपालाने धाडलं.

मग बिल्डरचा फोन आला, गोड आवाजात. "या, ताबा घ्या. फक्त एक ओळ लिहून द्या, पार्किंगवर कधीच हक्क सांगणार नाही म्हणून."

गोडीचा मला जास्त संशय. "लिहून देतो," मी म्हणालो, "करारात नाही ते मागत नाही, करारात आहे ते सोडत नाही. चालेल?"

"या," तो म्हणाला.

ताब्याच्या दिवशी त्याच्या माणसाने ताबापावती पुढे केली. ती मी दोनदा वाचली. मग चावी मागून घेतली, जिना चढलो, कुलपात फिरवून पाहिली. दार उघडलं. उंबरठ्यावर उभं राहून हप्त्याचा ड्राफ्ट दिला आणि सही केली.

मागून बायको म्हणाली, "आता तरी आत या. दाराचे वेगळे नाय मागत कोणी."